झाकण उघडल्यावर पहिल्यांदा काय दिसतं?

*ताई, मी सुदामानगरात राहते आणि महेश्वरच्या साड्या घरूनच ऑनलाइन विकते. दिवाळीआधी मुद्दाम लाल चकचकीत खोकं करून घेतलं, 40 × 32 × 8 सेंटिमीटरचं. वर सोनेरी फॉइलमध्ये नाव, साटनची बो. एक खोकं 140 रुपयांना पडलं. वाटलं होतं, बायका उघडताना फोटो काढतील, स्टेटसला ठेवतील. तीन महिन्यांत 180 पार्सलं गेली आणि फोटो आले चार. त्यातल्या एकात लेबलवरचा तिचा पत्ता आणि फोन नंबर स्पष्ट दिसत होता. भाचा म्हणतो क्यूआर कोड टाक, जाऊबाई म्हणतात फोटो टाकेल तिला 10 टक्के सूट दे. काय करू? एक खोकं साडीसकट तुम्हाला पाठवते आहे, उघडून बघा. — एक साडीवाली, इंदूर*

ताई, तुमचं खोकं मी मुद्दाम रात्री साडेआठला उघडलं. नोकरीवाल्या बायका त्याच वेळी उघडतात. पार्सल दुपारी येतं, सासूबाई किंवा वॉचमन घेऊन ठेवतात, आणि जेवणं आटोपली की मग पलंगावर बसून, डोक्यावरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात ते उघडलं जातं. तुमच्या खोक्याची परीक्षा तिथे आहे. तुम्ही ते पसंत केलंत छापखान्यात, दिवसाच्या उजेडात, हातात धरून. त्यामुळे तिथे जे देखणं वाटलं ते माझ्या फोनमध्ये काही उतरलं नाही.

काय झालं ते क्रमानं सांगते. चारी बाजूंनी खाकी टेप होती, म्हणून स्वयंपाकघरातून सुरी आणली. सुरी आणायला उठले तेव्हा फोन पलंगावरच राहिला. मग बो सोडायला दोन्ही हात लागले. गाठ घट्ट होती, शेवटी बो तशीच ओढून काढली. झाकणाचा फोटो काढला तर ट्यूबचा पांढरा पट्टा आडवा उमटला आणि फॉइलमधलं तुमचं नाव अर्धं पांढरं, अर्धं काळं. फॉइल म्हणजे छोटा आरसाच, समोर जे असेल ते दाखवतो. आत पांढरा टिश्यू, त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत साडी, पिशवीवर किमतीचं स्टिकर. पिशवी काढून साडी टिश्यूवर ठेवली आणि वरून फोटो घेतला, तर सुंदर मोरपंखी रंग काळपट आला. साधारणपणे फोनचा कॅमेरा समोरच्या चौकटीत किती उजेड आहे ते बघून फोटो उजळ करायचा की गडद ते ठरवतो. पांढरं भरपूर असलं की त्याला वाटतं उजेड जास्त आहे, आणि तो सगळंच गडद करतो. शिवाय लाल झाकण शेजारीच उघडं पडलेलं, त्याचा लालसर उजेड काठावर पडला. ज्या बाईनं तुमच्या पानावर मोरपंखी साडी बघून मागवली, तिला स्वतःच्याच फोटोत भलताच रंग दिसला. तो फोटो ती कोणाला दाखवेल? ती तो पुसून टाकते आणि साडी कपाटात ठेवते. तुमचे बाकीचे फोटो बहुतेक असेच गेले असावेत.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की खोकं सजवणं सोडा आणि एक चौकट ठरवा. झाकण उघडल्याक्षणी, काहीही न हलवता, एका हातात फोन धरून वरून जे दिसेल, तोच फोटो. त्या एका चौकटीत साडी कशी घडी घातलेली असेल, मागे कोणता कागद असेल आणि तुमचं नाव कुठे असेल, एवढंच आधी पक्कं करा. खोक्याचं माप, टेप, कागद, कार्ड सगळं त्या चौकटीवरून मागे मोजत या.

चौकटीत काय दाखवायचं याची तुम्हाला चिंताच नको, महेश्वरीनं ते दिलेलं आहे. तुम्ही साडी पोत, म्हणजे मधलं अंग, वर करून पाठवता, दुकानात रचतात तशी. पोत बारीक चौकडीचा किंवा साधा, फोनमध्ये तो नुसता एक रंगाचा तुकडा दिसतो. महेश्वरीची ओळख दोन गोष्टींत आहे. एक तिचा पाच पट्ट्यांचा पदर, तीन रंगीत आणि मधे दोन पांढरे. दुसरी बुगडी, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखाच दिसणारा काठ. लांबून बघणाऱ्याला पदराच्या पट्ट्यांवरून साडी ओळखता येते, आणि बुगडी बघितली की हात आपोआप काठ उलटवून बघतो. तर घडी अशी घाला की पदराच्या पाचही पट्ट्या वरच्या थरावर तिरप्या न जाता सरळ आडव्या येतील. मग एका कोपऱ्यात काठ साधारण चार बोटं उलटा दुमडून ठेवा, म्हणजे काठाची सुलटी आणि उलटी बाजू शेजारीशेजारी दिसेल. मी तुमचीच साडी अशी घालून परत फोटो काढला. शेजारच्या वहिनी डोकावून म्हणाल्या, "अगो, मागून पण तस्साच?" हा प्रश्न ज्या फोटोतून निघतो तो पुढे जातो, कारण पाठवणारीला काहीतरी सांगायला मिळतं.

घडी घालताना टाचण्या अजिबात नकोत, आणि रबरबँड तर मुळीच नको. रबरानं जरीचे धागे काळे पडतात. किमतीचं स्टिकर आणि प्लॅस्टिकची पिशवी चौकटीतून बाहेर काढा. बिल झाकणाच्या आत नाही, बाहेरच्या पाकिटात घाला. फोटोत किंमत दिसली की कितीतरी बायका तो पाठवत नाहीत, विशेषतः साडी भेट द्यायची असली तर.

आता कागद. पांढरा टिश्यू बदलून फिकट बदामी किंवा खाकीच्या जवळचा न चकाकणारा कागद घ्या. त्यावर मोरपंखी, राणी, गेरू, हिरवा सगळे रंग बऱ्यापैकी खरे उतरतात. खोक्याची आतली बाजूही छापू नका, पुठ्ठ्याचा मूळ रंग राहू द्या. झाकणाला चकचकीत लॅमिनेशन नको. नुसत्या खाकी पुठ्ठ्यावर एका गडद रंगात छापा, ट्यूब त्याच्यावर चमकत नाही. खोक्यावर बोऐवजी पाच सेंटिमीटर रुंदीची कागदी पट्टी सरकवा. एका हातानं सरकते, दुसऱ्या हातात फोन राहतो, आणि रात्री अकराला पार्सलं भरताना तुमचेही प्रत्येकी दोन-तीन मिनिटं वाचतात. खोकं बंद करायला एकाच ठिकाणी टेप लावा, आणि टेपचं टोक दोन सेंटिमीटर आत दुमडून शेपटी करून ठेवा. शेपटी धरून ओढलं की टेप निघते. सुरीची गरज पडत नाही आणि सुरीनं साडी कापली गेल्याची तक्रारही येत नाही.

त्या पत्त्याच्या प्रकारानं मला खरंच काळजी वाटली. एकट्या राहणाऱ्या मुलीचा पत्ता आणि नंबर आपल्या पार्सलमुळे चारचौघांत गेला तर ते आपल्याच माथी. यावर उपाय एकच आहे. कुरिअरचं लेबल खोक्यावर लावूच नका. खोकं कोरं ठेवा, ते जाड कुरिअर पिशवीत घाला आणि लेबल पिशवीवर. पिशवी फाडून बाजूला पडते, फोटोत येतं ते कोरं खोकं. पावसाळ्यात पुठ्ठा भिजून साडीला ओल लागायचीही भीती राहत नाही. आधी आलेला तो फोटो तुम्ही पुढे कुठे टाकला असेल तर आजच काढा, आणि तिलाही कळवा.

नाव कुठे घालायचं याबद्दल भाच्याशी माझं पटत नाही. क्यूआर कोड वाईट नाही, पण फोटोत तो निकामी आहे. विचार करा, तुमच्या गिऱ्हाइकानं स्टेटस ठेवला, तिच्या नणंदेनं तो स्वतःच्या फोनवर बघितला. आता त्याच फोनच्या पडद्यावरचा कोड ती कोणत्या फोननं स्कॅन करणार? चित्रातला कोड वाचायच्या युक्त्या आहेत, पण नणंद त्या भानगडीत पडत नाही. ती विचारते, "कुठनं घेतलीस?" याचं उत्तर फोटोतच वाचता आलं पाहिजे. म्हणून नाव अक्षरांत हवं, आणि ते छोट्या पडद्यावर वाचता येईल एवढं मोठं हवं.

किती मोठं, ते मोजता येतं. वरून काढलेल्या उभ्या फोटोत पलंगाचा साधारण 45 सेंटिमीटर रुंदीचा भाग मावतो. फोनचा पडदा रुंदीला साडेसहा-सात सेंटिमीटर. म्हणजे सगळं सुमारे सात पटींनी लहान होतं. पडद्यावर अक्षर दोन मिलिमीटर तरी उंच असल्याशिवाय चाळिशीतल्या बाईला चष्म्याविना वाचता येत नाही. दोनला सातनं गुणा, चौदा मिलिमीटर आले. तुमच्या कार्डावरचं नाव मी पट्टीनं मोजलं, चार मिलिमीटर आहे. देवनागरीत वेलांट्या-मात्रांची उंची वेगळी धरा, मी म्हणते ते अक्षराच्या मुख्य अंगाची उंची. 13 × 9 सेंटिमीटरच्या जाड, न चकाकणाऱ्या कार्डावर, 300 जीएसएमच्या आसपास, एवढं नाव सहज बसतं. कार्ड मधोमध नको, तिथे ते साडी झाकतं आणि बायका आधी ते उचलून बाजूला ठेवतात. उलट्या दुमडलेल्या काठाच्या समोरच्या कोपऱ्यात, पदराच्या घडीखाली एक तृतीयांश खोचून ठेवा. खोचलेलं असलं की प्रवासात सरकत नाही आणि काढल्याशिवाय फोटोबाहेर जात नाही. कोड हवाच असेल तर कार्डाच्या मागे छापा.

कार्डाच्या उरलेल्या जागेत धन्यवाद, आम्हाला टॅग करा, पाच तारे द्या असलं काही लिहू नका. बायका फोटो काढतात आणि अडतात ते "वर काय लिहू?" इथे. फार जणी तिथेच फोन ठेवून देतात. त्यांना जसंच्या तसं उचलता येईल असं एक वाक्य द्या, साडीबद्दलचं. महेश्वरच्या काठांना नावं आहेत, आणि त्यातली बरीच नक्षी तिथल्या किल्ल्यातल्या कोरीवकामावरून उचललेली मानतात: चटाई, ईंट, हीरा. तुम्ही पाठवलेलीवर चटाई आहे. मग हातानं लिहा: "ह्या काठाचं नाव चटाई. उलटा धरला तरी सुलटाच." खाली विणकराचं नाव आणि मागावर किती दिवस लागले ते. विणकराला आधी विचारा, त्यानं हो म्हटलं तरच नाव घाला, आणि दिवस त्यालाच विचारून लिहा, अंदाजानं नको. तुमची गिऱ्हाइकं भोपाळ-दिल्लीचीही असतील तर त्यांच्यासाठी हेच हिंदीत. महिन्याला साठ कार्डं म्हणजे रोज दोन, हातानं लिहिणं होतं. छापील अक्षर हातानं लिहिल्यासारखं दाखवणारा फॉन्ट मात्र वापरू नका. दुसरं पार्सल आलं की तीच वेलांटी दुसऱ्यांदा बघून ते ओळखू येतं.

एक गोष्ट माझ्या हातून घडलेली सांगते, कारण तुमच्याही डोक्यात ती येईल. आपल्याकडे साडी नुसती देत नाहीत. म्हणून एका संक्रांतीला मी ज्यांच्यासाठी खोकी करत होते त्यांना सुचवलं की प्रत्येक साडीवर हळद-कुंकवाची एकेक पुडी ठेवा, फोटो फार गोड येईल. फोटो गोड आला. पण कुरिअरच्या गाडीत वजनाखाली पुड्या फुटल्या आणि चार फिकट साड्यांच्या पदरावर कुंकू बसलं. त्या परत आल्या, धुऊनही निघालं नाही, आणि साड्यांचे पैसे मी भरले. तेव्हापासून नियम केला आहे: साडीबरोबर भुकटी नाही, तेल-अत्तर नाही, ताजं फूल नाही. फूल तीन दिवसांत काळं पडतं आणि त्याचं पाणी रेशमाला लागतं. मंगल म्हणून काही ठेवायचंच तर कापडाच्या छोट्या पोटलीत एक अख्खी सुपारी, तीही कार्डाच्या बाजूला. ती फोटोतही दिसते आणि डागही पाडत नाही. चमकी, थर्माकोलचे दाणे हे तर इंदुरात कोणाच्याच दारात पाठवू नका. सकाळी ओला-सुका कचरा वेगळा करून गाडीत टाकणाऱ्या बाईला पलंगभर उडालेले दाणे वेचायला लावलेत, तर ती फोटो नाही, तक्रार पाठवेल.

मापाकडे येते, कारण तुमचे पैसे खरे तिथे जातात. कुरिअरवाले खोक्याचं आकारमान बघून वजन लावतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बरेच जण 5000 नं भागतात. तुमच्या दरपत्रकात कोणता आकडा आहे तो बघून घ्या. तुमचं खोकं 40 × 32 × 8, म्हणजे 10,240 भागिले 5000, दोन किलोच्या थोडं वर. साडी अर्ध्या किलोच्या आतबाहेर आणि भाडं मात्र अडीच किलोच्या टप्प्याचं. साडीची रुंदी चारात दुमडली की एकोणतीस-तीस सेंटिमीटर होते. ते धरून बाहेरचं माप 31 × 23 × 4 घ्या. गुणाकार 2852, भागून 0.57 किलो, म्हणजे एक किलोचा टप्पा. अजून थोडं दाबून अर्ध्या किलोत बसवायचा मोह होईल, पण तो आवरा. चार सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीत घडी चेपते, जरीला मोड पडते, आणि झाकण उघडल्यावर साडी फुलून वर न येता चपटी पडून राहते. उघडताना कापड किंचित वर यायला हवं. फोटोत त्याची सावली पडते आणि पट्ट्या उठून दिसतात. पुठ्ठा तीन प्लायचा, म्हणजे तीन थरांचा, आणि मधला नागमोडी थर बारीक, ज्याला ई फ्लूट म्हणतात, तो पुरे. पाच प्लायचं जाड खोकं साडीला लागत नाही.

गेल्या खेपेला एका ओळखीच्या मुलीला मी असंच करून दिलं. पाचशे नगांच्या हिशेबानं एका रंगात छापलेलं खोकं 32 रुपये, कागद 4, पट्टी 2, कार्ड 5, बाहेरची पिशवी 4, एकूण 47. तुमच्या 140 मधून 93 सुटतात, भाड्यातले वेगळे. पण उरलेली लाल खोकी फेकू नका. घरी येऊन हातोहात नेणाऱ्यांना आणि लग्नाच्या आहेराला तीच बरी दिसतात.

जाऊबाईंच्या सुचवणीला मात्र मी नाही म्हणेन. सूट घेऊन टाकलेला फोटो ही जाहिरात होते. जाहिरातदारांच्या एएससीआय संस्थेच्या 2021 च्या नियमांप्रमाणे, मोबदला घेऊन समाजमाध्यमावर टाकलेल्या मजकुरावर तसं स्पष्ट लिहावं लागतं. घरगुती बाई असं कशाला लिहील, आणि न लिहिता टाकायला आपण का सांगावं? गूगलवरच्या अभिप्रायाच्या बदल्यात सूट देणं तर गूगललाच चालत नाही. आणि मनातलं सांगते, 10 टक्क्यांसाठी आलेला फोटो ओळखू येतो. त्यात साडी नसते, नुसतं खोकं असतं. त्या पैशांत प्रत्येकीच्या साडीला फॉल-पिको करून द्या, फोटो येवो न येवो. साडी लगेच नेसता आली की नेसलेला फोटो येतो, आणि पलंगावरच्यापेक्षा तो कितीतरी जास्त बायका बघतात.

फोटो आला की तो तुमच्या पानावर टाकण्याआधी तिला विचारा. फोटो तिनं काढलेला, हक्क तिचा. तुम्हाला पाठवला म्हणजे वापरायला दिला असं होत नाही. "ताई, हा फोटो आमच्या पानावर लावू का? नाव लिहू की नको?" एवढा निरोप पुरतो. मागे लेकरू दिसत असेल तर ते कापूनच लावा.

एवढं करून फरक पडला का, हे कसं कळणार? स्टेटस चोवीस तासांत जातो आणि तिनं तुमचा नंबर साठवलेला नसेल तर तो तुम्हाला दिसतही नाही. त्यामुळे आलेले फोटो मोजून अर्धंच कळेल. उरलेल्या अर्ध्यासाठी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारा, "आमचं नाव कुठे बघितलंत?", आणि "मैत्रिणीच्या फोटोत" असं उत्तर आलं की वहीत एक रेघ मारा. दोन महिने रेघा मारा. दोन-चारच्या फरकावर निष्कर्ष काढू नका. साठ पार्सलांत तेवढा चढउतार सणवारानंही होतो.

आणि पाचशे नग छापायला टाकण्याआधी एकच नमुना हातानं बनवा. कार्डावर नाव स्केचपेननं लिहा, चौदा मिलिमीटरचं. साडी घालून खोकं बहिणीकडे न्या, काही न सांगता तिच्या हातात द्या, आणि रात्री तिच्याच पलंगावर, तिच्याच ट्यूबखाली तिला उघडू द्या. तुम्ही बोलू नका, नुसतं बघा, हात कुठे अडतो, फोन कधी खाली ठेवते. तिनं काढलेला फोटो व्हॉट्सॲपवरून स्वतःला मागवा आणि तुमच्या फोनवर, मोठा न करता, नाव वाचता येतं का ते बघा. तो फोटो मलाही पाठवा. छपाईवाल्याला हो म्हणायचं की नाही ते त्यावरून ठरवू.